सिम ॲडॉप्टर आणि मेमरी कार्ड ॲडॉप्टर: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

जूनमध्ये ऑनलाइन एक छोटं पाकीट मागवलं होतं. त्यात नॅनोचं मायक्रो करायची फ्रेम, नॅनोचं जुनं मोठं सिम करायची फ्रेम, मायक्रोचं मोठं करायची फ्रेम आणि ट्रे उघडायची पिन होती, सगळं मिळून शंभरच्या आत. सोबत मायक्रोएसडीसाठीचा एसडी ॲडॉप्टर वेगळा घेतला. आता फेब्रुवारी चालू आहे, दोन्ही रोज वापरात आहेत, एकदा नुकसानही झालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गरज पडली ती शेतातल्या मोबाईल स्टार्टरमुळे. आमचं शेत तासगाव तालुक्यात, द्राक्षबाग, विहीर घरापासून दोन किलोमीटर. लाईट आठवड्याआड रात्रीची असते त्यामुळे पेटीत मोबाईल स्टार्टर बसवलाय, त्याला मिस्डकॉल दिला की मोटर चालू. त्यातलं सिम बंद पडलं म्हणून दुकानातून त्याच नंबरचं नवीन आणलं. ते हल्ली तीन मापांत कापलेलं येतं, हवं तेवढं मोडून घ्यायचं. घरी भावाने सवयीने सगळ्यात छोटं मोडलं आणि बाकीची चौकट केरात गेली. स्टार्टरमधला खाचा मात्र जुन्या मोठ्या सिमचा. "दादा, आता हे त्यात नुसतं खुळखुळणार," असं त्याने बांधावरून फोन करून सांगितलं तेव्हा ॲडॉप्टर शोधायला लागलो.

आता मापं सांगतो कारण सगळा खेळ तिथेच आहे. आपण ज्याला मोठं सिम म्हणतो ते खरं तर मिनी, २५ गुणिले १५ मिलीमीटर. त्याच्या आधीचं मूळ सिम एटीएम कार्डाएवढं होतं, १९९१ मध्ये पहिली सिम त्याच आकारात आली, आणि आजही नवीन सिम ज्या कार्डात चिकटून येतं ते कार्ड बऱ्याचदा त्याच मापाचं असतं. मायक्रो १५ गुणिले १२ आणि नॅनो १२.३ गुणिले ८.८. आकार असा घटत गेला पण सोनेरी भाग बघा, तो जवळपास तसाच आहे. प्लॅस्टिक कापत आणलं, चिपच्या पट्ट्या जिथे होत्या तिथेच ठेवल्या. एका रांगेतल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर २.५४ मिलीमीटर आणि दोन रांगांमधलं ७.६२, हे एटीएम कार्डाएवढ्या सिमपासून नॅनोपर्यंत बदललेलंच नाही. म्हणून सिमच्या ॲडॉप्टरमध्ये एकही तार नसते. ती फक्त प्लॅस्टिकची चौकट, तिचं काम एवढंच की छोटं सिम मोठ्या खाच्यात बरोबर त्या जागी धरून ठेवायचं जिथे खाच्यातल्या पिना येऊन टेकतात.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नॅनो याहून छोटं का झालं नाही त्याचा हिशोब. एक पट्टी कमीत कमी २ गुणिले १.७ मिलीमीटर लागते. रांगेत तीन पट्ट्या धरल्या तर दोनदा २.५४ अधिक १.७ म्हणजे ६.७८, आणि नॅनोची रुंदी ८.८, म्हणजे दोन्ही कडांना मिळून दोनच मिलीमीटर उरतात. चौथी पट्टी घालायची म्हटली तर ९.३२ होतात, ते बसतच नाही. जुन्या मोठ्या सिमवर तुम्हाला कधी आठ पट्ट्या दिसतील, नॅनोवर सहाच, कारण हे आहे. शेवटच्या दोन पट्ट्या फोनला लागत नव्हत्या म्हणून सोडून देता आल्या.

लांबी-रुंदीचं झालं, पण ॲडॉप्टर फसतो तो जाडीत. मिनी आणि मायक्रो दोन्ही ०.७६ मिलीमीटर जाड आहेत, नॅनो मात्र ०.६७. फरक ०.०९, म्हणजे नखाने जेमतेम कळेल एवढा. पण स्टार्टरमध्ये दोन महिन्यांनी हाच फरक नडला. ऑगस्टमध्ये एका रात्री मिस्डकॉल दिला तर फोन बंद असल्याचं सांगतंय, पहाटे जाऊन पेटी उघडली तर रेंजचा दिवा लागलेला नाही. सिम काढून परत बसवलं की चालू, चार दिवसांनी परत तेच. मोटर सुरू होताना कॉन्टॅक्टर खट्कन बसतो त्याने अख्खी पेटी हादरते, आणि त्या पाकिटातली फ्रेम पोकळ होती, मागे तळ नाही, नॅनो नुसतं कडांच्या घट्टपणावर धरलेलं. हादरे बसून बसून ते मागे सरकलं, पिना टेकत होत्या पण दाब उरला नव्हता.

उपाय अगदी साधा निघाला. नॅनो फ्रेममध्ये सोनेरी बाजूने फ्रेमच्या पातळीत बसवलं आणि मागच्या बाजूने सिम आणि फ्रेम दोन्हीवर मिळून पारदर्शक सेलोटेपचा एकच थर लावला, कडेने जादाचा टेप ब्लेडने कापला. साधा टेप ०.०५ च्या आसपास जाड असतो म्हणजे एकूण जाडी ०.७२ च्या जवळ गेली आणि सिम मागे सरकायचं बंद झालं. दोन थर लावून बघितले तर खाच्याचं झाकण नीट सरकेना, म्हणून एकच. सोनेरी बाजूला टेपचा कोपराही जाता कामा नये. तेव्हापासून सहा महिने एकदाही सिम हललेलं नाही, पावसाळ्याचा उरलेला भागही त्यात गेला. काही ॲडॉप्टरना मागे पातळ पापुद्रा आधीच असतो, दोन रुपये जास्त गेले तरी तेच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

आता नुकसानीचं. पाकिटातली दुसरी फ्रेम, मायक्रोची, आईच्या जुन्या फोनमध्ये लावली होती. स्टार्टरमधला खाचा झाकणाचा आहे, झाकण उचललं की सिम मोकळं होतं. आईच्या फोनमध्ये मात्र सिम पत्र्याखाली सरकवायचं आहे. सप्टेंबरमध्ये सिम काढायला गेलो, नॅनो आत राहिलं आणि फ्रेम अर्धी बाहेर आली. मी ओढली. खाच्यातल्या पिना म्हणजे छोट्या कमानी असतात, स्प्रिंगसारख्या वर उठलेल्या. सिम असताना त्या दबून राहतात, पण फ्रेममधली जागा मोकळी झाली की त्या भोकात वर येतात आणि फ्रेमची आतली कडा त्यांना मागून पकडते. जितकं ओढाल तितकी पिन उलटी वाकते. माझ्या तीन पिना गेल्या. सांगलीच्या दुरुस्तीवाल्याने भिंगाखाली चिमट्याने दोन सरळ केल्या, तिसरी तुटली, अख्खा खाचा बदलावा लागला आणि साडेतीनशे गेले.

म्हणून सरकवायच्या खाच्यात रिकामी फ्रेम कधीच घालायची नाही, मापून बघायलासुद्धा नाही. आणि अडकलीच तर ओढू नका, जुन्या कॅल्शियमच्या गोळ्यांचं नाहीतर फाईलचं पातळ कडक प्लॅस्टिक घ्या, सिमएवढी रुंद पट्टी कापा आणि ती फ्रेम आणि पिनांच्या मधे हळू आत सरकवा, पिना दबल्या की पट्टी आणि फ्रेम एकत्र बाहेर काढा. हे मला त्या दुरुस्तीवाल्यानेच करून दाखवलं. आईच्या फोनमध्येही आता मागे टेप आहे.

उलटा उद्योग पण करू नका, म्हणजे जुनं मायक्रो कटरने कापून नॅनो करणं. लांबी-रुंदी जमते पण जाडी ०.७६ च राहते आणि नॅनोच्या ट्रेमध्ये ते आत जाताना घासतं, येताना अडकतं. दुकानात नवीन सिम घेणं बरं.

मेमरी कार्डच्या ॲडॉप्टरचा अनुभव वेगळा, कारण तो आतून वेगळाच आहे आणि हे मला आधी माहीत नव्हतं. मायक्रोएसडी १५ गुणिले ११ आणि जाडी १ मिलीमीटर, मोठं एसडी ३२ गुणिले २४ आणि जाडी २.१. इथे पट्ट्यांची जागा, रुंदी काहीच जुळत नाही, मायक्रोवर आठ पट्ट्या आणि एसडीवर नऊ. त्यामुळे नुसत्या चौकटीने भागत नाही. पण जाडी दुपटीहून जास्त असल्यामुळे छोट्या कार्डाच्या वर-खाली भिंती घालून आत तारा न्यायला जागा मिळते. माझा जुना तुटलेला ॲडॉप्टर मी ब्लेडने उघडला, आत चिप वगैरे काही नाही, पितळी रंगाच्या आठ पट्ट्या एका टोकाला छोट्या कार्डावर टेकतात आणि दुसऱ्या टोकाला बाहेरच्या पट्ट्या होतात, ग्राउंडची तेवढी दोन फाट्यांत जाते म्हणून आठाच्या नऊ. म्हणजे सिममध्ये फोनच्या पिना थेट सिमलाच टेकतात, इथे पिना ॲडॉप्टरला टेकतात. रिकामा एसडी ॲडॉप्टर कॅमेऱ्यात घातला तरी पिना मोडत नाहीत ते त्यामुळेच.

मी तो बागेचे फोटो काढायच्या जुन्या कॅमेऱ्यात वापरतो. पहिल्याच आठवड्यात ६४ जीबीचं मायक्रो घातलं तर कॅमेरा कार्ड एरर म्हणाला, ॲडॉप्टर खराब समजून परत पाठवणार होतो. तेच कार्ड त्याच ॲडॉप्टरमधून लॅपटॉपवर चाललं तेव्हा कळलं. कॅमेरा एसडीएचसीपर्यंतचाच होता, म्हणजे ३२ जीबीपर्यंत, त्यावरचं कार्ड एसडीएक्ससी. आकार तोच, आतली पद्धत वेगळी, आणि ॲडॉप्टर फक्त आकार जुळवतो. ३२ चं घातलं, चाललं. सिमलाही हेच लागू आहे, स्टार्टर २जी वर चालतो, तेव्हा ज्या कंपनीकडे २जी नाहीच तिचं सिम फ्रेमने कितीही छान बसवलं तरी रेंज येणार नाही.

डिसेंबरमध्ये एसडी ॲडॉप्टरने एकदा त्रास दिला, कॅमेरा म्हणे कार्ड लॉक आहे. बाजूचं छोटं सरकतं बटण ढिलं होऊन आत घालताना घासून खाली जात होतं. हे बटण कार्डातल्या कशालाच जोडलेलं नसतं, कॅमेऱ्याच्या खाच्यातला एक छोटा स्विच फक्त बटण कुठे आहे ते चाचपतो. बटण वर सरकवून त्यावर टेपचा बारीक तुकडा चिकटवला, खाच बुजलेली राहते, लॉक परत आलेलं नाही.

रेटिंग द्यायचं तर एसडी ॲडॉप्टरला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या बटणाचा कापला. सिमच्या पाकिटाला तीन, कारण मागे पापुद्रा नाही आणि रिकामी फ्रेम घालू नका असं पाकिटावर एका ओळीत छापलं असतं तर माझे साडेतीनशे वाचले असते. मायक्रोचं मोठं करायची तिसरी फ्रेम अजून पाकिटातच आहे, तिची गरज पडली नाही.