ओळखीचा चोर की अनोळखी पाऊल?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळतो. नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणारी यंत्रणा म्हणजे आयडीएस. त्यातलं सिग्नेचरवालं माहीत असलेल्या हल्ल्याचा ठसा जुळला की इशारा देतं. अगदी नवा हल्ला मात्र सहसा सुटतो. अनॉमलीवालं रोजची वहिवाट शिकतं आणि वेगळं काही दिसलं की ओरडतं. गड्डा जत्रेच्या सुट्टीत बॅकअप रात्री दोनला चालवला, तेव्हाही ओरडलं.

खरी अडचण गणितात आहे. समजा, दिवसाला 10 लाख नोंदी, त्यांत हल्ल्याच्या फक्त 10. खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण 1 टक्का धरलं तरी ते जवळपास 10,000 होतात. प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तर 333 तास! मग माणूस न वाचताच इशारे बंद करतो, आणि त्यातच खरा जातो. म्हणून मी सिग्नेचर सगळीकडे लावलंय, अनॉमली फक्त हिशेबाच्या सर्व्हरवर. तिथली ये-जा ठरलेली असते.