पुण्याचे ६२०, नागपूरचे ३४०, वरचे १०००: बेरीज कोणाच्या बाजूने जुळवायची?

मसाले आणि भाजण्या विकणाऱ्या एका मध्यम कंपनीच्या प्लॅनिंगमध्ये मी काही वर्षं होतो. दर महिन्याच्या २५ तारखेला तोच सीन. पुणे डेपोच्या विक्रीवर चालवलेला फोरकास्ट म्हणतो ६२० पेट्या, नागपूरचा म्हणतो ३४०. राज्याची एकूण विक्री एकच मालिका धरून चालवलेला फोरकास्ट म्हणतो १०००. खालची बेरीज ९६०. प्रॉडक्शनला १००० हवेत की ९६०, आणि त्या ४० पेट्या कोणत्या डेपोच्या नावावर टाकायच्या, यावर अर्धी मीटिंग जायची. (आकडे इथे गोल केलेत, डेपोही दोनच ठेवलेत.)

यात कोणाची चूक नसते. प्रत्येक मालिकेला स्वतःचं मॉडेल असतं, स्वतःचा ट्रेंड, स्वतःचा सीझन. त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळावीत असं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. जुळवायचे मार्ग मोजकेच आहेत. कोणता घ्यायचा हे ठरवायचं असेल, तर आधी हाच महिना चारही पद्धतींनी बघा:

| पद्धत | पुणे | नागपूर | एकूण |
|---|---|---|---|
| खालून वर | ६२० | ३४० | ९६० |
| वरून खाली (गेल्या वर्षीचा वाटा ६५:३५) | ६५० | ३५० | १००० |
| फरक सगळ्यांत समान | ६३३.३ | ३५३.३ | ९८६.७ |
| फरक ज्याच्या-त्याच्या चुकीनुसार | ६२४ | ३६० | ९८४ |

खालून वर

तळाचे अंदाज घ्यायचे, बेरीज करायची, वरचा फोरकास्ट बाजूला ठेवायचा. डेपो मॅनेजरला समजावणं सोपं, कारण त्याचा आकडा कोणी बदलत नाही. नवीन पॅक आला, एखादा डेपो बंद झाला, तरी तो बदल जिथे घडला तिथेच दिसतो.

अडचण तळाच्या गोंगाटात आहे. नागपूरमध्ये एका स्टॉकिस्टने महिनाअखेरीला माल उचलला की १ तारखेला, एवढ्यावर डेपोचा महिना इकडचा तिकडे होतो. राज्याच्या टोटलमध्ये असले झोके एकमेकांना खातात आणि ट्रेंड स्वच्छ दिसतो. तळाच्या मॉडेलला तोच ट्रेंड गोंगाटात सापडत नाही, म्हणून ते सपाट अंदाज देतं. धंदा वाढत असेल तर अशा शेकडो सपाट अंदाजांची बेरीज नेहमी कमी पडते. वरचा आकडा १००० आणि खालचा ९६० का, याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

वरून खाली

एकूण १००० पक्के धरायचे आणि जुन्या वाट्याने वाटायचे. बऱ्याच कंपन्यांच्या एक्सेलमध्ये हेच चालतं. एकूण आकडा चांगला येतो, वाटणी फसते.

हे मी चकली भाजणीवर शिकलो. वर्षभराचा सरासरी वाटा लावला तर भाजणीला दिवाळीच्या महिन्यात चिमूटभर आणि मार्चमध्ये ढीगभर पेट्या मिळतात. बरं, मग गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा वाटा घ्या. पण दिवाळी इंग्रजी महिना पाळत नाही. २०२५ मध्ये ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, म्हणजे स्टॉकिस्टांनी भाजणी बरीचशी सप्टेंबरातच उचललेली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. आता उचल ऑक्टोबरात होणार. २०२५ च्या ऑक्टोबरचा वाटा लावून २०२६ चा ऑक्टोबर वाटलात, तर भाजणी कमी पडणार आणि गोडा मसाला गोदामात पडून राहणार.

यावर एक सुधारणा आहे: जुना वाटा न घेता तळाच्या अंदाजांचाच वाटा घ्यायचा. आपल्या उदाहरणात पुण्याला १००० चे ६२०/९६०, म्हणजे सुमारे ६४६. सण तळाच्या मॉडेलमध्ये नीट बसवला असेल तर तो वाटणीतही उतरतो. वरून खालीच जायचं असेल तर याच प्रकाराने जा.

मधल्या पातळीवरून, म्हणजे विभागापासून वर बेरीज आणि खाली वाटणी, हाही एक पर्याय आहे. तळाला एसकेयू, म्हणजे प्रत्येक मालाचा प्रत्येक पॅक, फार बारीक आणि विभागाचा डेटा बरा असेल तिथे तो कामाचा. पण विभागाखालची वाटणी तशीच फसते.

मेळ बसवणे

वरच्या दोन्ही पद्धती एका पातळीचं ऐकतात आणि बाकीच्यांना गप्प बसवतात. मेळाच्या पद्धतीत सगळे अंदाज ठेवतात आणि प्रत्येकाला इतकंच हलवतात की बेरीज जुळावी. कोणाला किती हलवायचं, एवढाच प्रश्न उरतो.

सर्वात साधं उत्तर, सगळ्यांना सारखं. फरक ४०, आकडे तीन. एकूण १३.३ ने खाली, दोन्ही डेपो १३.३ ने वर. दिसायला न्याय्य, पण ६२० पेट्यांच्या डेपोला आणि ८ पेट्यांच्या एसकेयूला सारखाच धक्का बसतो. एका महिन्यात आमच्या एका छोट्या पॅकचा अंदाज उणे ४ पेट्या आला होता. एक्सेलमध्ये `MAX(0, …)` लावून तो शून्य केला, आणि बेरीज परत बिघडली.

दुसरं उत्तर, ज्याचा अंदाज जास्त चुकतो त्याला जास्त हलवा. समजा, आतापर्यंतची चूक (वर्गसरासरीचं मूळ) एकूणसाठी ४० पेट्या, पुण्यासाठी २०, नागपूरसाठी सुमारे ४५. वर्ग केले तर १६००, ४०० आणि साधारण २०००, बेरीज ४०००. आता ४० चा फरक याच प्रमाणात वाटायचा. एकूणच्या वाट्याला १६००/४००० म्हणजे १६, पुण्याला ४, नागपूरला २०. नवे आकडे ९८४, ६२४, ३६०. पुणे जवळपास जागेवर राहिलं कारण त्याचा अंदाज भरवशाचा. नागपूर सगळ्यात जास्त सरकलं.

कागदावर याने एकूणचा अंदाज दोन्ही मूळ आकड्यांपेक्षा चांगला होतो. थेट अंदाजाची चूक ४०, खालून आलेल्या बेरजेची सुमारे ४९, आणि मेळानंतर सुमारे ३१. या ३१ वर फार विश्वास टाकू नका. थेट अंदाज आणि बेरीज वेगवेगळ्या कारणांनी चुकतात असं त्या हिशेबात गृहीत आहे. खरं तर बाजारात अचानक मंदी आली तर दोघंही एकाच बाजूला चुकणार. म्हणून पुढची पायरी: चुका एकत्र कशा हलतात तेही हिशेबात घ्यायचं. २०१९ मध्ये विक्रमसूर्य, अथानासोपोलस आणि हाइंडमन यांनी मांडलेली `MinT` पद्धत हेच करते.

तिची अडचण डेटाची. सहा विभाग आणि चाळीस एसकेयू धरा. तळाच्या २४०, विभागांच्या ६, एसकेयूंच्या एकूण ४० आणि सगळ्यांची एक, अशा २८७ मालिका. त्यांच्या चुकांच्या परस्परसंबंधाचे ४१,३२८ आकडे काढायचे, आणि हाताशी ३६ महिने. ते जमत नाही. म्हणून हे संबंध शून्याकडे आखडते घेतात, त्याला `mint_shrink` म्हणतात. `R` मध्ये `fable` वापरत असाल तर सगळं इतकंच:

```r
vikri |>
  aggregate_key(vibhag * sku, petya = sum(petya)) |>
  model(ets = ETS(petya)) |>
  reconcile(
    bu = bottom_up(ets),
    wls = min_trace(ets, method = "wls_var"),
    mint = min_trace(ets, method = "mint_shrink")
  ) |>
  forecast(h = 3)
```

`vibhag * sku` मधला गुणाकार महत्त्वाचा. विक्री विभागाप्रमाणेही जुळली पाहिजे आणि एसकेयूप्रमाणेही, एकाच्या पोटात दुसरं नाही. वरून खालीची अडचण इथे उघडी पडते: आधी विभागाने वाटलं तर एक उत्तर, आधी एसकेयूने वाटलं तर दुसरं.

आणि हो, पेट्या पूर्णांकात लागतात. ६३३.३ आणि ३५३.३ गोल केले तर ६३३ अधिक ३५३ म्हणजे ९८६, आणि वरचे ९८६.७ गोल होऊन ९८७. फक्त तळ गोल करा आणि वरचे सगळे पुन्हा बेरजेने काढा, नाहीतर २५ तारखेला कोणीतरी ती एक पेटी शोधत बसेल.

मेळ कुठे फसवतो

चूक मोजायची कशावर, इथे पहिला फटका बसतो. सॉफ्टवेअर सहसा मॉडेल ज्या डेटावर बसवलं त्याच डेटावरची चूक घेतं. तळाचं एखादं मॉडेल डेटाला नको तितकं चिकटलं तर त्याची चूक खोटी लहान दिसते, आणि मेळ त्यालाच सगळ्यात भरवशाचं मानून जागेवर ठेवतो. शेवटचे सहा-आठ महिने झाकून ठेवून, एकेक महिना पुढे सरकत, खरी चूक मोजून बघा. दोन आकड्यांत मोठी तफावत असलेल्या मालिका आधी दुरुस्त करा.

दुसरा फटका मोठा. आमच्याकडे नागपूरच्या मॉडेलऐवजी एरिया मॅनेजरांचा आकडा यायचा, आणि तो महिन्यामागून महिना कमीच असायचा. कारण सगळ्यांना माहीत होतं: पुढच्या तिमाहीचं टार्गेट त्याच आकड्यावरून ठरायचं. आम्ही त्यावर मेळ चालवला आणि त्याने इमानेइतबारे नागपूरचा तुटवडा पुण्यावर आणि एकूणवर थोडा थोडा पसरवला. मेळाचं गणित धरून चालतं की अंदाज कधी वर चुकतो, कधी खाली. एकाच बाजूला झुकलेला आकडा त्याला ओळखता येत नाही.

ओळखायची युक्ती साधी आहे. मेळ चालवण्याआधी गेल्या बारा महिन्यांत वरचा आकडा वजा खालची बेरीज किती होती, ते एका ओळीत लिहा. +४०, −१५, +२२, −३० असं असेल तर मेळ बसवा. +४०, +३५, +५२, +३८ असं असेल तर कोणीतरी झुकलेलं आहे. मग मागच्या प्रत्यक्ष विक्रीशी ताडून ते वर आहे की खाली ते शोधा, आणि आधी तो झुकाव काढा.

तुमच्याकडे काय?

डेपो पाच-दहा, प्रत्येकाची विक्री भरघोस आणि नियमित, आणि डेपोवाल्यांना आकडा पटवायचा असेल तर खालून वर पुरतं. तळाच्या मालिका शून्यांनी भरलेल्या असतील, आणि प्रॉडक्शनला फक्त एकूण हवं असेल, तर वरून खाली, पण तळाच्या अंदाजांच्या वाट्याने. विभाग आणि एसकेयू दोन्हीकडून बेरीज जुळायला हवी असेल आणि किमान तीन वर्षांचा मासिक डेटा असेल, तर ज्याची चूक जास्त त्याला जास्त हलवणाऱ्या `wls_var` पासून सुरुवात करा. `mint_shrink` त्याच्या शेजारी चालवा आणि झाकून ठेवलेल्या महिन्यांवर तो स्पष्टपणे सरस ठरला तरच बदला. आमच्याकडे तो एकूण पातळीवर सरस ठरला, एसकेयू पातळीवर फरक जाणवला नाही, आणि आम्ही `wls_var` वरच थांबलो. डेपो मॅनेजरने "माझे २० का वाढवले?" विचारलं की ४०, २० आणि ४५ एवढे तीन आकडे दाखवून उत्तर देता यायचं.