‘केमिकल-फ्री’ गेलं, लॉट नंबर आला: आठ महिन्यांच्या गूळखरेदीचा अनुभव

घराजवळच्या सेंद्रिय दुकानातून मी तीनेक वर्षं सामान घेते. त्यांच्या व्हॉट्सॲप कॅटलॉगवर गुळाच्या फोटोखाली एकच ओळ असायची: "१००% शुद्ध, केमिकल-फ्री, गावरान गूळ." शेजारी दोन पानं झेंडूची. गेल्या नोव्हेंबरात झेंडू गेला आणि ती ओळही गेली. त्या जागी हे आलं, मी स्क्रीनशॉट ठेवलाय:

"गूळ, १ किलो. ऊस को ८६०३२, शिरोळ तालुका, कोल्हापूर. शेत एनपीओपी प्रमाणित, प्रमाणपत्र मागितल्यास पाठवू. रस साफ करायला भेंडीचा चीक आणि चुना. हायड्रॉस नाही. बनवला: नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. लॉट ३. रंग गडद, दर लॉटला वेगळा."

को ८६०३२ ही उसाची जात, आणि एनपीओपी म्हणजे सेंद्रिय प्रमाणनाचा सरकारी कार्यक्रम. पण वाचल्यावर माझं पहिलं वाक्य होतं, "अहो, चुना?" इतके दिवस केमिकल-फ्री म्हणून घेतलेल्या गुळात चुना! दुकानाच्या ताई म्हणाल्या, "काकू, तो आधीही होता. आम्ही लिहीत नव्हतो एवढंच."

माझं माहेर सांगलीकडचं, गुऱ्हाळ लहानपणी पाहिलेलं, त्यामुळे हे पटायला वेळ लागला नाही. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीच्या चिकात मळी अडकून वर येते, ती झाऱ्याने काढतात. चुन्याने रसाचा आंबटपणा कमी होतो आणि गूळ नीट बसतो. आंबट रसाचा गूळ मऊ राहतो, ढेप धरत नाही. चुना काही विष नाही, पण रसायनच आहे. म्हणजे ‘केमिकल-फ्री’ हा शब्द चांगल्या गुळाबद्दलसुद्धा खोटाच होता. खरा प्रश्न हायड्रॉसचा. ती गंधकयुक्त पावडर गूळ पिवळाधमक करण्यासाठी टाकतात, आणि गंमत म्हणजे तो पिवळेपणा टिकत नाही, साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. जुन्या कॅप्शनमध्ये चुना आणि हायड्रॉस एकाच शब्दाखाली झाकले गेले होते. नव्यात एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हटलंय. मला हवं होतं ते हेच.

‘शुद्ध’चंही तसंच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या जाहिरात-दाव्यांच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे हा शब्द एकाच घटकाच्या आणि वरून काही न घातलेल्या पदार्थालाच लावायचा असतो. चुना-भेंडीचा गूळ त्यात कसा बसवणार?

आता मुख्य गोष्ट. "मागितल्यास पाठवू" लिहिलंय म्हणून मी खरंच मागितलं. (बहुतेक कोणी मागत नसावं, कारण पीडीएफ यायला चार दिवस लागले.) पहिल्या पानावर मुदत होती, ती चालू होती. हे प्रमाणपत्र वर्षभरासाठीच असतं, त्यामुळे तारीख आधी बघायची. मग यादीत पीक, क्षेत्र आणि जमिनीचा दर्जा: पूर्ण सेंद्रिय की अजून रूपांतराच्या काळातली. वार्षिक पिकांना त्यासाठी दोन वर्षं जातात, त्याआधीचा माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. इथे दर्जा पूर्ण होता. सगळं ठीक वाटलं आणि मी बंद करणार इतक्यात उत्पादनाच्या रकान्याकडे परत नजर गेली. तिथे फक्त ‘ऊस’ होतं. गूळ नव्हता.

हा फरक वरवर किरकोळ वाटतो, पण नाही. शेत प्रमाणित असलं तरी ऊस जातो गुऱ्हाळावर, आणि एनपीओपीत प्रक्रियेच्या जागेचंही प्रमाणन वेगळं लागतं. गुऱ्हाळ भाड्याचं असेल तर सकाळी याच काहिलीत दुसऱ्याचा ऊस उकळलेला असतो, कोपऱ्यात हायड्रॉसचा डबाही असू शकतो. मी विचारलं, "गुऱ्हाळ कोणाचं?" ताईंनी शेतकऱ्याला फोन लावला. उत्तर आलं की गावातलंच, भाड्याने. याचा घाणा आठवड्यात पहिल्या दिवशी, काहील धुऊन घेतात, गुळव्या ठरलेला.

त्यांना वाईट वाटलं असणार, मलाही थोडं ओशाळल्यासारखं झालं. पण लॉट ४ पासून कॅप्शन बदललं: "ऊस प्रमाणित शेतातला. गुऱ्हाळ भाड्याचं, प्रमाणित नाही, म्हणून गुळाला सेंद्रिय म्हणत नाही." किंमत मात्र तीच राहिली, ही माझी तक्रार आहे आणि ती मी तोंडावर केलीय.

जानेवारीत लॅब रिपोर्ट आला. संक्रांतीचा गूळ घ्यायला गेले तेव्हा काउंटरवर लावलेला होता, "कीटकनाशकांचे अंश आढळले नाहीत." रिपोर्ट एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, नमुन्यावर लॉट ३. तेव्हा विक्रीला होता लॉट ५. शिवाय "आढळले नाहीत" म्हणजे शून्य नव्हे. यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेखाली, आणि तेही यादीतल्या कीटकनाशकांपुरतं. हायड्रॉस घातल्याची खूण म्हणजे सल्फर डायऑक्साइड, ते त्या यादीत नव्हतंच. गुळात शंका असते ती गंधकाची, आणि तपासणी झाली होती कीटकनाशकांची. सांगितल्यावर मार्चमध्ये लॉट ६ चा वेगळा रिपोर्ट काढला. त्यात सल्फर डायऑक्साइड मोजण्याच्या मर्यादेखाली. आठ महिन्यांत ‘हायड्रॉस नाही’ या वाक्याला पुरावा मिळाला तो एका लॉटपुरता. बाकीच्या लॉटना शेतकऱ्याचा शब्द आहे, आणि तो मी धरून चालते.

बाकी मालाचं थोडक्यात. इंद्रायणी तांदळाखाली तालुका आणि कापणीचा महिना असतो, ते पुरेसं आहे, जुना-नवा तांदूळ कळतो. शेंगदाणा तेलाखाली त्यांनी लिहिलंय, "शेंगदाणे मार्केट यार्डातून, सेंद्रिय नाहीत, घाणा लाकडी." आधी तिथे ‘शुद्ध लाकडी घाणा तेल’ होतं आणि मी वर्षभर ते सेंद्रिय समजून घेत होते. दोष माझा की शब्दाचा, तुम्हीच ठरवा. हळदीखाली अजूनही "आमच्या शेतकरी दादांच्या शेतातून" आणि दादांचा हसरा फोटो. कुठले दादा, कुठलं शेत, काही नाही. हळद मी तिथून घेत नाही.

खटकणाऱ्या गोष्टी आणखी दोन. कॅप्शन फोनवर असतं आणि पिशवीवर नुसतं ‘गूळ १ किलो’. एप्रिलमध्ये कॅटलॉगवर लॉट ६ दिसत होता. घरी आणलेला गूळ फिकट आणि कोरडा निघाला म्हणून विचारलं, तर तो लॉट ५ चा उरलेला. कोणी फसवलं नव्हतं, पण पिशवीवर नंबरच नसेल तर कॅप्शनचं काय करायचं? दुसरं, हंगाम संपल्यावर तारीख जुनी होते. आत्ता जुलैत मिळतोय तो मार्चचा घाणा. पावसाने ढेप पाझरते, हाताला चिकटते, मुंग्या येतात. हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि नवीन गिऱ्हाईक ओला गूळ बघून भेसळच समजणार.

गेल्या आठवड्यात गेले तेव्हा ताई पिशव्यांवर मार्करने ‘लॉट ७’ लिहीत बसल्या होत्या. पाण्याचा हात लागला की पुसतंय. मी म्हटलं, "चिठ्ठी आत टाका." त्या म्हणाल्या, "काकू, चिठ्ठी गुळाला चिकटते." सध्या दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधतायत.