सात महिने, एक स्प्रिंगफॉर्म टिन आणि न चुरणारा बिस्किटांचा तळ

ऑक्टोबरात आठ इंची स्प्रिंगफॉर्म टिन घेतला. बाजूला खटका असतो, तो सोडला की कडं मोकळं होतं, तो प्रकार. आता मे संपत आला. शनिवार-रविवारच्या चीजकेकच्या ऑर्डरी धरून तीसेक वेळा तरी वापरला असेल. टिनबद्दल शेवटी लिहिते, कारण पहिले दोन महिने मी ज्या गोष्टीसाठी टिनला शिव्या घातल्या, तो दोष बटरचा निघाला.

पहिला फज्जा वहिनींच्या वाढदिवसाला झाला. दीडशे ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटं आणि शंभर ग्रॅम बटर. शंभरच का, तर पाकीट शंभरचं येतं आणि उरलेला तुकडा कागदात गुंडाळून ठेवायचा कंटाळा! रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला केक कापायला घेतला, तर सुरी वरच्या क्रीममधून अलगद गेली आणि तळावर टक्कन अडली. जोर दिला तेव्हा तळाच्या चार खापऱ्या झाल्या, कडक भाकरी मोडावी तशा. वर पंधरा-वीस मिनिटांत त्याच खापऱ्या ताटलीत तेलकट होऊन बसल्या. बटर जास्त झालं की असं होतं: थंडीत ते दगडासारखं गोठतं आणि बाहेर आलं की तेच तळाला ढिला करतं.

धडा घेतला तो नेमका उलटा. पुढच्या वेळी बटर साठ ग्रॅमवर आणलं आणि डायजेस्टिव्ह संपली होती म्हणून घरातली मारी घेतली. टिनचं कडं काढलं तेव्हा काठ वाळूच्या किल्ल्यासारखा ढासळला. पहिला तुकडा उचलला तर वरचं क्रीम उलथन्यावर आणि तळ टिनमध्येच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वाटीत घाल आणि चमचा दे, खीर समजून खातील."

बहुतेक पाककृती बिस्किटांच्या निम्मं बटर सांगतात. हे प्रमाण चुकीचं नाही, पण ते मधलं आहे. कोणतं बिस्किट, हे त्यात धरलेलंच नसतं. मग मी पाकिटांची मागची बाजू वाचली. माझ्या डायजेस्टिव्हमध्ये शंभर ग्रॅमला साधारण २० ग्रॅम फॅट, मारीत ११-१२. म्हणजे दीडशे ग्रॅम डायजेस्टिव्ह स्वतःच तीस ग्रॅम फॅट घेऊन येतं, तर मारी सतराच्या आसपास. फरक तेरा ग्रॅमचा. आपल्या बटरमध्ये साधारण ८० टक्के फॅट असतं, बाकी बहुतेक पाणी आणि मीठ. तेव्हा तेरा ग्रॅम फॅट भरून काढायला सोळा ग्रॅम बटर जास्त लागतं. डायजेस्टिव्हला ६५ ग्रॅमवर माझा तळ बरोबर बसत होता, म्हणून मारीला ८० घेऊन पाहिलं. बसला. तेव्हापासून बिस्किट बदललं की मी आधी पाकीट उलटं करते.

तरी वजनकाट्यावर सगळं सोडू नका, मूठ बघा. वितळलेलं बटर घालून चुरा दोन मिनिटं हाताने चोळायचा आणि मूठभर घट्ट दाबायचा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि अंगठ्याने टोचल्यावर त्याचे दोन-तीन ढेकळं झाले पाहिजेत. भुगा झाला तर बटर कमी. टोचल्यावर मोडायच्या ऐवजी नुसता खळगा पडला आणि तळहात चकाकण्यापलीकडे ओला झाला, तर जास्त. मूठभर कोरडा चुरा घालून सावरता येतं. ज्यांनी शेंगाचटणी उखळात कुटली आहे त्यांना हा क्षण ओळखीचा आहे. दाण्याला तेल सुटून चटणी बोटांत धरायला लागते, पण अजून तेलात पोहत नाही, तिथे थांबायचं.

चुरा जाड रव्याएवढा हवा. मिक्सरमध्ये पीठ झालं तर ते जास्त बटर पितं आणि गोठल्यावर सिमेंट होतं. उलट तुरीच्या डाळीपेक्षा मोठा तुकडा राहिला की सुरी नेमकी त्याला अडते आणि तिथून तडा जातो. मी पिशवीत घालून लाटण्याने कुटते आणि मोठे तुकडे बोटांनी वेचून परत कुटते.

दाबायला मसाल्याच्या डब्यातली वाटी घ्या. सपाट बूड, सरळ भिंत. आमटीच्या वाटीचं बूड गोलसर असतं, त्यामुळे काठाचा कोपरा दाबलाच जात नाही आणि तळ चुरतो तो तिथूनच. आधी सगळा चुरा हाताने सारखा पसरायचा, मग मधून काठाकडे वाटीने दाबत जायचं आणि शेवटी वाटी भिंतीला टेकवून एक पूर्ण फेरी. जाडी पाऊण सेंटिमीटरच्या आसपास येते. अंगाचा भार टाकून ठोकू नका, मी ठोकायचे. प्रमाण बरोबर असून तळ लाकडासारखा व्हायचा.

मार्चपर्यंत हे एवढं पुरलं. एप्रिलमध्ये सोलापूरने हात दाखवला. बटर पस्तीस अंशांच्या आत वितळतं आणि दुपारी माझं स्वयंपाकघरच त्याच्या वर असतं. फ्रिजमध्ये उत्तम असलेला तळ जुळे सोलापुरातून सात रस्त्यापर्यंत जाईस्तोवर खचला. ग्राहक जुन्या होत्या म्हणून बोलल्या नाहीत, पैसे मीच घेतले नाहीत. तेव्हापासून उन्हाळ्यात तळ १७० अंशांवर दहा मिनिटं भाजते. भाजल्याने बटरमधलं पाणी उडतं, बिस्किटातली साखर थोडी विरघळून निवताना पकडते, म्हणजे सगळा भार बटरवर राहत नाही. ओव्हनमधून काढल्यावर तळ मऊ लागतो, घाबरू नका. गरम असतानाच वाटीने एकदा हलकं दाबा आणि पूर्ण निवल्याशिवाय वर काही ओतू नका. अर्थात भाजलेला तळही उन्हात टिकत नाही. अर्धा-पाऊण तास जास्त मिळतो, एवढंच.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, करवतीसारखी न चालवता सरळ खाली दाबायची, कर्र आवाज आला की वर न उचलता आपल्याकडे ओढून काढायची. प्रत्येक कापाला परत पुसायची.

आता टिन. बुडाच्या चकतीला वर वळलेली कड आहे आणि उलथनं तिला अडून तुकड्याचं टोक मोडायचं. चकती उलटी बसवली, प्रश्न संपला. हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. भाजताना खालून थोडं बटर गळतं, म्हणून खाली ताट ठेवते. काळा थर सुरीने चरे पडून दोन ठिकाणी निघाला आणि तिथे गंज धरलाय, त्यामुळे आता बटर पेपर घातल्याशिवाय वापरत नाही. खटकाही मेपासून सैल झालाय, मी वरून सुतळी बांधते. पाचपैकी तीन तारे. पुढचा घेताना चकती सपाट आहे का ते दुकानातच उघडून बघणार.