ओला खोकला: दमा की श्वासनलिकेतला चिवट जंतुसंसर्ग?

बहीण पेचात आहे: साडेतीन वर्षांच्या लेकाचा खोकला पाच आठवडे हटत नाही, दम्याचा पंप चालू ठेवावा की अँटिबायोटिक द्यावं?

आधी खोकला ऐका. दम्याचा बहुधा कोरडा, रात्री किंवा पळाल्यावर वाढणारा, सोबत शिट्टीसारखा आवाज, पंपाने उतरतो. जंतुसंसर्गाचा ओला, घरघरणारा. एवढ्या वयाची मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात. पण पाठीवर तळवा ठेवला की घरघर हाताला लागते. पंपाने ती जात नाही.

शिट्टी वाजते, पंपाने मोकळं होतं, त्या मुलाला पंपच. चार आठवड्यांहून जास्त नुसता ओला खोकला असेल, तर डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक पूर्ण दोन आठवडे. तरी थांबला नाही आणि एकूण चार आठवडे देऊनही ओलाच राहिला, तर फुफ्फुसांची पुढची तपासणी हवी.