ऑनलाइन चष्मा, ७ महिन्यांनंतर: माझं डोकं नंबरामुळे नाही, पीडीमुळे दुखत होतं

माझा नंबर उजव्याला मायनस ४.५०, डाव्याला ४.२५. चष्मा ऑनलाइन मागवला, डॉक्टरांच्या कागदावरचे आकडे दोनदा तपासून भरले, पण कागदावर पीडी लिहिलेलाच नव्हता. पीडी म्हणजे दोन्ही बुबुळांच्या मधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. त्या रकान्यात आधीपासून ६३ भरलेलं होतं, मी तसंच ठेवलं.

चष्मा आला, दिसायला मस्त, अक्षरं पण स्पष्ट, पण सातपूरला ऑफिसात तासभर स्क्रीन बघितली की भुवयांच्या वर ओढल्यासारखं व्हायचं आणि चष्मा काढला की पाच मिनिटांत बरं वाटायचं. कस्टमर केअरवाली म्हणाली, "सर, नवीन चष्मा आहे, सवय होईल." जुना नंबर पण हाच होता हो, सवय कसली!

शेवटी शालिमारला एका चष्मेवाल्या काकांकडे गेलो, त्यांनी मशीनवर पीडी काढला तर ५७. म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य माझ्या बुबुळापासून ३ मिमी बाहेर. हिशोब सोपा आहे, सरकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये गुणिले नंबर, ०.३ गुणिले ४.५ म्हणजे एका डोळ्यावर १.३५ प्रिझम, प्रिझम म्हणजे काच प्रकाश किती बाजूला वळवते त्याचं माप, आणि मायनस काचेत हा प्रिझम डोळ्यांना बाहेरच्या बाजूला ओढायला लावतो, जे डोळ्यांना जड जातं. माझ्या भावाचा नंबर फक्त १, त्याला एवढीच चूक ०.३ प्रिझमची पडते, त्याला कळणार पण नाही. म्हणून "मला तर काही झालं नाही" वाले रिव्ह्यू वाचून जाऊ नका.

घरी तपासायचं असेल तर चष्मा हातभर लांब सरळ धरा आणि एका डोळ्याने काचेतून खिडकीचा उभा गज बघा. काचेतला गज बाहेरच्या गजापासून तुटलेला दिसतो, चष्मा आडवा हळूहळू सरकवला की एका जागी सलग होतो, तिथे स्केचपेनने ठिपका द्या. दोन्ही काचांवर ठिपके देऊन मधलं अंतर मोजा, माझं बरोब्बर ६३ भरलं.

पट्टी लावून त्याचा फोटो पाठवला, परतीचे १४ दिवस संपायला तीन दिवस उरले होते, मग मात्र काचा फुकट बदलून दिल्या. ५७ ची काच घातल्यापासून डोकं दुखलेलं नाही, खरंच.

एक खटकतं ते फ्रेमचं. काडीच्या आत ५२-१८-१४० छापलंय, काचेची रुंदी ५२ आणि नाकावरचा पूल १८, बेरीज ७०, म्हणजे फ्रेमच्या दोन चौकटींच्या मध्यांमधलं अंतर. माझा पीडी ५७, म्हणून काचेचा मध्य नाकाकडे खूप सरकवावा लागला आणि कानाकडची कड जाडजूड राहिली, बाजूने बघितलं की लगेच दिसते. गेल्या महिन्यात दुसरा चष्मा ४७-१८ चा घेतला, पीडी स्वतः टाकून. कड बरीच बारीक आलीये आणि नाकावरून घसरत पण नाही.