सेल्स नॅव्हिगेटर, दहा महिन्यांनी: ‘नको’ म्हणणाऱ्याचेही आभार

आमच्या तीन सेल्स नॅव्हिगेटर खात्यांचं वर्ष पुढच्या महिन्यात संपतंय. मालकांनी परवा विचारलं, "परत भरायचे का पैसे?" एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसलो. लिंक्डइन काय आणि नॅव्हिगेटर काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आमचा माल म्हणजे कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांचे गेटपास, त्यांची हजेरी आणि ठेकेदाराची पीएफची चलनं यांची जुळणी लावणारं सॉफ्टवेअर. ठेकेदाराने पीएफ बुडवला तर निस्तरावं लागतं मूळ कंपनीला, म्हणून मोठे कारखाने हे विकत घेतात. आमच्या यादीत चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या नऊ कंपन्या आहेत. नऊच. त्यामुळे हजार जणांना मेल मारायचे आणि दहा गळाला लागतात का बघायचं, ही चैन आम्हाला नाही.

त्यातली एक कंपनी आम्ही पहिल्याच आठवड्यात नाराज केली. इनमेल ज्याला पाठवलं त्याचं उत्तर आल्याशिवाय त्याला दुसरं पाठवता येत नाही. आम्ही शक्कल लढवली: खाती तीन आहेत, तिघांनीही पाठवू. दोन दिवसांत त्या कंपनीतल्या सात जणांना मिळून अकरा इनमेल गेली, सगळ्यांत तोच मजकूर, वरचं नाव तेवढं वेगळं. तिसऱ्या दिवशी तिथल्या एचआर मॅनेजर बाईंचा फोन आला. "तुम्ही ऑफिसात एकमेकांशी बोलता की नाही?" ती सातही माणसं एकाच कँटीनमध्ये जेवतात, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून कुठली कंपनी कुणाकडे, हे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं असतं आणि त्या कंपनीत दुसऱ्याने बोट लावायचं नाही.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो. प्रत्येक खात्याला महिन्याला 50 इनमेल क्रेडिट मिळतात. न वापरलेले साठतात, पण 150 च्या वर साठत नाहीत. समोरच्याने 90 दिवसांच्या आत उत्तर दिलं तर ते क्रेडिट परत येतं, आणि "रस नाही" हेही उत्तरच धरतात. बायको म्हणते, नकार आला की तुझा चेहरा का खुलतो? अहो, खुलणारच! सुरुवातीचे चार महिने मी क्रेडिटचा हिशेब दुधाच्या हिशेबासारखा ठेवला. मजकुराच्या शेवटी "नको असल्यास तेवढं कळवा" हे वाक्य मुद्दाम घातलं आणि परत आलेली क्रेडिट मोजत बसलो.

पाचव्या महिन्यात शहाणपण आलं. तीन खात्यांची मिळून महिन्याला 150 क्रेडिट, आणि आमच्या नऊ कंपन्यांत खरोखर बोलण्यासारखी माणसं साठ-सत्तर. म्हणजे क्रेडिट आम्हाला कधी कमी पडणारच नव्हती, मी उगाच चिल्लर मोजत होतो. ते वाक्य मात्र ठेवलं, कारण नकार देताना लोक कारणही लिहितात. एकाने लिहिलं, "आमच्याकडे एसएपीत हजेरी आहे." मग विचारता आलं, ठेकेदाराचं चलन त्या हजेरीशी कोण ताडून बघतं? त्याचं उत्तर आलं, "टाइम ऑफिस. एक्सेलमध्ये."

आमची खरी अडचण इथे कळली. प्लँट हेड आणि एचआर हेड नॅव्हिगेटरमध्ये चटकन सापडतात, पण दर महिन्याच्या पंधरा तारखेला चलनांच्या ढिगाऱ्यात बसणारा टाइम ऑफिसवाला सापडत नाही. तो लिंक्डइनवर असतो, पण सहा वर्षांपूर्वी कुणीतरी प्रोफाइल काढून दिलेलं असतं आणि कंपनीचं नाव त्याने हाताने टाइप केलेलं असतं. ते कंपनीच्या पानाशी जोडलेलं नसल्यामुळे कंपनीचा फिल्टर लावला की तो गळतो. कीवर्डमध्ये "time office" आणि गावाचं नाव टाकून, कंपनीचा फिल्टर काढून शोधलं तेव्हा दोन कंपन्यांतली चार माणसं हाती लागली. त्यांना इंग्रजी परिच्छेद न पाठवता मराठीत तीन ओळी लिहिल्या. चौघांपैकी तिघांनी उत्तर दिलं. एकाने तर आधी गाव कुठलं तेच विचारलं.

जाहिरातींबद्दल मात्र राग अजून गेलेला नाही. एका एजन्सीने सांगितलं, या नऊ कंपन्यांतल्या लोकांनाच तुमची जाहिरात दिसेल, म्हणजे इनमेल जाण्याआधी नाव ओळखीचं होईल. कल्पना चांगली होती. पण लिंक्डइनवर किमान 300 सदस्यांचा गट असल्याशिवाय कॅम्पेन चालू होत नाही. नऊ कंपन्या, पुणे, एचआर आणि ऑपरेशन्स, मॅनेजर व त्यावरचे, एवढं लावलं की आमचा आकडा 300 च्या खाली. एजन्सीने आम्हाला न विचारता कंपन्यांची अट ढिली केली आणि ऑडियन्स एक्सपान्शनची खूण तशीच ठेवली. त्या खुणेचा अर्थ असा की "यांच्यासारख्या" इतर लोकांनाही दाखवा. दर आठवड्याला रिपोर्ट यायचा, क्लिक भरपूर, सगळे खूश.

दीड महिन्याने मी स्वतः कॅम्पेन मॅनेजरमध्ये जाऊन डेमोग्राफिक्स उघडलं आणि कंपनीनुसार यादी लावली. वरच्या दहांत आमची एकच. बाकी भरती एजन्सी, ट्रेनिंगवाले आणि आमच्यासारखंच सॉफ्टवेअर विकणाऱ्या दोन कंपन्या! स्पर्धकाला आमची जाहिरात दाखवायचे पैसे आम्ही मोजत होतो. विचारल्यावर एजन्सीचा मुलगा म्हणाला, "सर, रीच तर वाढला ना." पुढचं संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर मी हुद्द्याची अट काढली, कंपन्यांची नावं पक्की ठेवली, ती खूण काढली आणि सेल्सवाले वगळले. गट 300 च्या वर गेला, खर्च निम्म्याहून खाली आला. उपयोग होतो का? फोनवर "हो, नाव बघितलंय कुठेतरी" असं दोघे म्हणाले. माझ्या मते तेवढ्यासाठी महाग आहे, मी ते बंद केलं.

एवढी कुरकुर करूनही पैसे वसूल झाले ते एका साध्या सूचनेमुळे. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे आमचं सॉफ्टवेअर रोज वापरणारी माणसं मी लीड म्हणून सेव्ह करून ठेवली होती, विकण्यासाठी नव्हे, सहज. सातव्या महिन्यात सूचना आली की रांजणगावच्या कारखान्यातले एक आयआर ऑफिसर नोकरी बदलून चाकणला गेलेत. आणि ती कंपनी आमच्या नऊपैकी, तीच, जिथल्या बाईंनी आम्हाला झापलं होतं. मी अभिनंदन केलं आणि विकायचं नावही काढलं नाही. तीन आठवड्यांनी त्यांचाच निरोप आला, "इथे सगळं एक्सेलवर आहे हो. या एकदा."

गेलो. त्या एचआर मॅनेजर बाई मीटिंगला होत्याच. "ते अकरा मेसेजवाले तुम्हीच ना?" हो म्हणालो. चहा आला. मग आयटीचे प्रश्न, पर्चेसचा व्हेंडर नोंदणीचा फॉर्म, सहीसाठी दोन आठवडे. सध्या एकाच गेटवर, दोन ठेकेदारांपुरती चाचणी चालू आहे. ऑर्डर अजून नाही.

मालकांना कळवलंय: तीनऐवजी एकच खातं ठेवू, ते माझ्याकडे. जुन्या गिऱ्हाइकांकडची उरलेली एकतीस माणसं काल रात्री सेव्ह करून झाली.